स्वाईप, फोटो आणि नकार: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कऱ्हाड, वाई, सांगली, मिरज या पट्ट्यातून डेटिंग ॲपबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द वेगवेगळे असले तरी बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: फोटो बघून आलेला नकार माणसाला असतो की फोटोला? प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज पडते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

1. स्वाईप केल्यावर नेमकं काय होतं? मॅच झाली नाही म्हणजे समोरच्याने नाकारलं असंच ना?

नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. पडद्यावर एका वेळी एकच माणूस दिसतो. जवळजवळ सगळी जागा पहिल्या फोटोने व्यापलेली असते आणि खाली नाव, वय, अंतर एवढंच असतं. उजवीकडे सरकवलं की पसंती, डावीकडे सरकवलं की नकार. दोघांनीही उजवीकडे सरकवलं तरच मॅच होते आणि बोलता येतं. डावीकडे सरकवल्याचं समोरच्याला कधीच कळवलं जात नाही.

त्यामुळे तुम्ही लाईक केलं आणि पुढे काहीच घडलं नाही, तर कारण तीनपैकी कोणतंही असू शकतं. एक, त्या व्यक्तीने तुम्हाला बघून डावीकडे सरकवलं. दोन, तुमचा फोटो तिच्यासमोर अजून आलेलाच नाही. तीन, तिने कित्येक दिवसांत ॲप उघडलेलंच नाही, फक्त प्रोफाईल मागे राहिलं आहे. बाहेरून तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, पण आपण मन लावतो ते फक्त पहिल्या कारणाला.

2. लोक खरंच फक्त फोटो बघून ठरवतात का? मी माहिती इतकी मनापासून लिहिली आहे.

पहिला कौल फोटोचाच असतो, आणि तो फार लवकर लागतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2006 मध्ये लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागापुरते दाखवले. तेवढ्यात लोकांनी आकर्षकपणा, विश्वासार्हता, स्वभाव याबद्दल मत बनवलं, आणि वेळेचं बंधन नसताना बनवलेल्या मतांशी ते बरंचसं जुळलं. जास्त वेळ दिल्यावर मुख्यतः स्वतःच्या मतावरचा भरवसा वाढला.

म्हणजे माहिती वाचली जाते, पण बहुधा कौल झाल्यावर. फोटो आवडला असेल तर 'ट्रेकिंग आवडतं' हे वाक्य गोड वाटतं, नसेल आवडला तर तेच वाक्य शिळं वाटतं. आणि ते झटपट बनलेलं मत बरोबर असतंच असं नाही. टोडोरोव्ह यांनीच 2014 मध्ये जेनी पोर्टर यांच्यासोबत दाखवलं की एकाच माणसाच्या वेगवेगळ्या फोटोंवरून लोकांची मतं बरीच बदलतात. एका फोटोत जो विश्वासू वाटतो, तो दुसऱ्यात वाटत नाही. त्यामुळे माहिती लिहिण्यात जितका जीव ओतलात तितका पहिल्या फोटोच्या निवडीत ओता. कसा, ते प्रश्न 7 मध्ये आहे.

3. लग्नाच्या स्थळातही आधी फोटोच बघतात. मग ॲपमध्ये वेगळं काय आहे?

फोटो दोन्हीकडे असतो, पण तो येतो कशासोबत आणि नकार येतो कसा, यात मोठा फरक आहे.

स्थळ येतं तेव्हा फोटोबरोबर बायोडाटा असतो: शिक्षण, नोकरी, शेती, मामाचं गाव, आणि मध्ये ओळखीचं कुणीतरी. 'मुलगा फोटोत असा दिसतो, पण बोलायला चांगला आहे' असं सांगणारी एखादी मावशी असते. चेहऱ्यावरून बनलेलं मत तिथल्या तिथे दुरुस्त होतं. शिवाय नकाराला कारण मिळतं. 'पत्रिका जुळत नाही', 'मुलीला पुण्यातच राहायचं आहे', 'यंदा कर्तव्य नाही'. कारण खरं असो वा नसो, ते चेहऱ्याला लागत नाही. (त्या पद्धतीत जात, हुंडा, रंग यांचा जाच आहे, तो आम्ही विसरलेलो नाही. इथे फक्त नकाराची तुलना करतो आहोत.)

ॲपमध्ये कारण मिळत नाही, फक्त शांतता मिळते. ती रिकामी जागा माणूस स्वतःच भरतो, आणि पडद्यावर समोर स्वतःचा फोटोच असल्यामुळे तो 'माझं दिसणं' या कारणाने भरतो. आत्मविश्वासाला लागणारा मार आमच्या मते नकारांच्या संख्येपेक्षा या कारण नसण्यातून जास्त येतो.

4. महिन्यात तीनशे मुलींना लाईक केलं, फक्त दोन मॅच आल्या. माझ्यात काय कमी आहे?

हा आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी हिशोब. 2016 मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या गॅरेथ टायसन आणि सहकाऱ्यांनी टिंडरवर प्रयोगासाठी प्रोफाईल तयार केली आणि दिसेल त्या प्रत्येकाला लाईक केलं. पुरुषांच्या प्रोफाईलना सरासरी 0.6 टक्के मॅच मिळाल्या, स्त्रियांच्या प्रोफाईलना 10.5 टक्के. हे आकडे लंडन आणि न्यूयॉर्कचे आहेत, साताऱ्याचे नाहीत, त्यामुळे ते जसेच्या तसे लावू नका. पण अंदाज यावा म्हणून 300 ला 0.6 टक्क्यांनी गुणून बघा: 1.8. म्हणजे तुमच्या दोन मॅच हा तिथल्या सरासरीइतकाच आकडा आहे. जी गोष्ट बहुतेक पुरुषांच्या बाबतीत घडते, ती तुमच्या नाकाडोळ्यांवर ढकलता येत नाही.

हे प्रमाण इतकं खाली का जातं, तेही त्याच अभ्यासात दिसलं. मॅच कमी म्हणून पुरुष दिसेल तिला लाईक करत सुटतात. त्यामुळे स्त्रियांकडे लाईकचा ढीग साठतो. ढीग साठला की त्या आणखी चोखंदळ होतात, आणि पुरुषांच्या मॅच आणखी घटतात. हे चक्र दोन्हीकडून एकमेकांना फिरवत राहतं.

आता एक उदाहरण धरू. सातारा एमआयडीसीत काम करणारा 27 वर्षांचा तरुण. पहिला फोटो कासच्या पठारावरचा, गॉगल लावून हात लांब करून काढलेला सेल्फी. दुसरा मित्राच्या लग्नातला, पाच जण फेटे बांधून उभे. तिसरा बुलेटवर, लांबून. तिन्ही फोटोंत त्याचे डोळे एकदाही नीट दिसत नाहीत, आणि दुसऱ्या फोटोत पाचांपैकी हा कोणता ते ओळखावं लागतं. बघणारी व्यक्ती ओळखत बसत नाही, सरकवून टाकते. शिवाय त्याने अंतराची मर्यादा 100 किलोमीटर ठेवली आहे, म्हणजे निम्मंअधिक पुणं त्याच्या यादीत आलं. तिथल्या मुलीला त्याच्या नावाखाली नव्वदच्या पुढचा आकडा दिसतो, आणि तिच्या आसपास पाच-दहा किलोमीटरवर शेकडो पर्याय असतात. म्हणजे या तीनशे लाईकपैकी बरेचसे अंतरामुळेच वाया गेले, आणि उरलेले गॉगलमुळे. त्याच्या चेहऱ्याची परीक्षा झालीच नाही.

अशा वेळी एकदम सगळं बदलू नका. आधी फक्त पहिला फोटो बदला, दोन आठवडे थांबा. मग अंतर बदला, पुन्हा दोन आठवडे. दोन्ही एकत्र बदललं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आणि तीनशे लाईक करण्यापेक्षा जिची माहिती वाचली आहे अशा तीसच जणींना करा. या तीसमधून शून्य मॅच आली तरी तो निकाल नाही. संख्याच एवढी लहान आहे की शून्य येणं साहजिक असतं.

5. अंतर किती ठेवावं? सातारा आणि सांगलीत फरक पडतो का?

पडतो. टिंडरसारखी ॲप रस्त्याचं अंतर धरत नाहीत, हवाई अंतर धरतात. साताऱ्याहून पुणं रस्त्याने 110 किलोमीटरच्या आसपास असलं तरी सरळ रेषेत नव्वदपेक्षा थोडंच जास्त भरतं. त्यामुळे साताऱ्यात 50 ठेवलं तर कऱ्हाड, वाई, कोरेगाव येतात, आणि 100 केलं की पुणं येतं. सांगलीहून पुणं सरळ रेषेतही 200 च्या घरात जातं, म्हणून मर्यादा शंभर-दीडशे केली तरी ते येत नाही. उलट कोल्हापूर 40 च्या आतबाहेर आहे आणि मिरज तर शेजारीच.

आमचा सल्ला: शनिवार-रविवारी खरोखर जाऊन भेटाल तेवढंच अंतर ठेवा. सांगलीकरांना 50 पुरतं. साताऱ्यातल्या ज्यांचं पुण्याला नियमित जाणं-येणं आहे, त्यांनी 100 ठेवावं आणि माहितीच्या पहिल्याच ओळीत 'दर शनिवारी पुण्यात' असं लिहावं. अंतराचा आकडा बघून सरकवणाऱ्याला थांबवेल असं तेवढंच वाक्य आहे.

6. मुलींना तर ढीगभर मॅच मिळतात. मग त्यांना कसला न्यूनगंड?

ढीग मिळतो म्हणूनच. समोरचा न बघता सगळ्यांना लाईक करतो (प्रश्न 4) हे मुलींनाही लवकर कळतं. मग शंभर लाईकची किंमत शून्य होते. त्यातला कोण खरंच बोलेल आणि कोण पहिल्याच दिवशी अंगाबद्दल विचारेल, हे कळायला मार्ग नसतो. मॅच झालेले निम्मे बोलत नाहीत, आणि बोलतात त्यांचं संभाषण बऱ्याचदा फोटोतल्या शरीरावरच येतं. दिवसभर फक्त दिसण्याबद्दलच ऐकून घेतलं की माणूस स्वतःकडेही बाहेरून बघायला लागतो: हा हात जाड दिसतोय का, हा रंग उजळ करू का.

यावर एक साधी कसोटी चालते. पहिल्या तीन संदेशांत ज्याने तुमच्या लिहिलेल्या माहितीतल्या एकाही गोष्टीचा उल्लेख केला नाही, त्याने फोटोपलीकडे पाहिलेलं नाही. तिथे वेळ घालवू नका. त्यासाठी माहितीत प्रश्न विचारता येईल अशी एखादी नेमकी गोष्ट असावी लागते. 'फिरायला आवडतं' याला कुणी काय विचारणार? 'हरिपूरला संगमावर कुठली वेळ चांगली यावर माझं मत ठाम आहे' याला विचारता येतं.

7. पहिला फोटो कोणता ठेवावा?

आधी सेल्फी काढून टाका. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका गटाने गणिती मॉडेलने मोजलं, तेव्हा 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं असं आढळलं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोत हा दोष जवळजवळ राहत नाही. कारण कॅमेऱ्याला चिकटलेली गोष्ट मोठी दिसते, आणि सेल्फीत नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या बरंच जवळ असतं. ज्यांना आपलं नाक बेढब वाटतं, त्यांनी आधी दुसऱ्याला पाच-सहा फुटांवर उभं करून फोटो काढून घ्यावा आणि मग मत बनवावं.

फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, खिडकीकडे तोंड करून. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात. छातीपासून वर, डोळे स्पष्ट, गॉगल-टोपी नको, सोबत कुणी नको. दुसरा फोटो पूर्ण उंचीचा, तिसरा काहीतरी करताना. वरच्या 2016 च्या अभ्यासात एकाऐवजी तीन फोटो ठेवल्यावर पुरुष प्रोफाईलच्या मॅच कितीतरी पटींनी वाढल्या होत्या.

निवड मात्र स्वतः करू नका. ऑस्ट्रेलियात डेव्हिड व्हाईट यांच्या गटाने 2017 मध्ये लोकांना स्वतःच्या 12 फोटोंतून निवड करायला सांगितली, आणि त्याच फोटोंतून अनोळखी लोकांनाही निवडायला लावलं. अनोळखी लोकांनी निवडलेल्या फोटोंनी बघणाऱ्यांवर जास्त चांगली छाप पाडली. म्हणून दहा-बारा फोटो तुम्हाला फारसं न ओळखणाऱ्या तिघांना दाखवा आणि 'छान कोणता' असं विचारू नका. 'यातला कुठला माणूस बोलायला सोपा वाटतो' असं विचारा. आईचं आणि जिवलग मित्राचं मत इथे उपयोगाचं नाही, कारण त्यांना फोटोत तुमचा स्वभावही दिसतो.

8. थोडा फिल्टर लावला तर काय बिघडलं?

उजेड वाढवला, रंग नीट केले, इथपर्यंत काही नाही. त्वचा गुळगुळीत, रंग दोन छटा गोरा, जबडा निमुळता केलात की दोन ठिकाणी बिघडतं. भेटीत समोरच्याला पहिल्याच क्षणी फसल्यासारखं वाटतं. आणि मॅच आली तरी 'ही पसंती माझ्या खऱ्या चेहऱ्याला नाही' हे तुम्हाला माहीत असतं, त्यामुळे तिचं समाधान लागत नाही, भेट पुढे ढकलली जाते.

9. तासभर स्वाईप केल्यावर सगळेच नकोसे वाटतात. माझ्याच अपेक्षा जास्त आहेत का?

अपेक्षांपेक्षा सलग बघण्याचा हा परिणाम आहे. नेदरलँड्समधल्या टिला प्रॉंक आणि याप डेनिसन यांनी 2020 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकामागून एक प्रोफाईल दाखवत गेल्यावर पहिल्या प्रोफाईलपासून शेवटच्यापर्यंत पसंतीची शक्यता सरासरी 27 टक्क्यांनी घटली. चेहरे वाईट होत गेले नव्हते. बघणाऱ्याचं मन नकाराच्या बाजूला सरकत गेलं होतं.

दुसरा परिणाम बारीक आहे. सिडनी विद्यापीठातल्या 2016 च्या प्रयोगात आधीचा चेहरा आकर्षक वाटला असेल तर पुढचाही आकर्षक ठरवण्याकडे कल दिसला. म्हणजे तुमचा कौल कुणाच्या मागून कोण आलं यावरही थोडा ठरतो.

तपासून बघायचं असेल तर एका बैठकीत पहिल्या दहांपैकी किती उजवीकडे गेले आणि शेवटच्या दहांपैकी किती, ते कागदावर लिहा. आठवडाभर लिहिलं की उतार दिसतो. उतार दिसला की एका वेळी पंधरा-वीस प्रोफाईलवर थांबा. रात्री अंथरुणात पडून केलेलं स्वाईप तर मोजूच नका.

10. माझी आवड ठरलेली आहे, फोटोत लगेच कळतं. मग वेळ का घालवू?

कारण फोटोत कळते ती सर्वसाधारण पसंती. दोन माणसांमध्ये जे जमतं ते त्यात दिसत नाही. अमेरिकेत 2017 मध्ये समंथा जोएल आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष भेटीआधी लोकांकडून शंभरहून अधिक गुणांची आणि आवडींची माहिती घेतली आणि संगणकाला कुणाला कोण आवडेल ते ओळखायला लावलं. एकूणात कोण जास्त जणांना आवडेल हे थोडंफार ओळखता आलं, पण या व्यक्तीला हीच व्यक्ती विशेष आवडेल, हे ओळखता आलं नाही.

2015 मधल्या 167 जोडप्यांच्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं की एकत्र येण्याआधी ज्यांची बराच काळ ओळख होती, त्या जोडप्यांमध्ये दोघांच्या दिसण्याचा मेळ कमी होता. ओळखीला वेळ मिळाला की चेहऱ्याचं वजन उतरतं. ॲप नेमकी हीच वेळ काढून घेतं.

म्हणून जिच्याबद्दल 'ठीक आहे' वाटलं आणि माहितीतलं काहीतरी भावलं, अशा एखाद्या व्यक्तीला दर आठवड्याला उजवीकडे सरकवा. मॅच झाली तर महिनाभर लिहीत बसू नका. आठ-दहा दिवसांत एक फोन, मग दिवसाउजेडी, वर्दळीच्या ठिकाणी तासाभराची भेट. ठरवायचं ते दुसऱ्या भेटीनंतर.

11. ॲपमुळे आत्मविश्वास कमी होतो, की कमी असलेलेच ॲपवर येतात?

दोन्ही शक्य आहे. जेसिका स्ट्रुबेल आणि ट्रेंट पेट्री यांच्या 2017 च्या अभ्यासात टिंडर वापरणाऱ्या पुरुषांचा आत्मसन्मान न वापरणाऱ्यांपेक्षा कमी आढळला, पण तो एकाच वेळी केलेला पाहणी-अभ्यास होता आणि त्यात टिंडर वापरणारे पुरुष थोडेच होते. आधी काय आणि नंतर काय, हे त्यावरून सांगता येत नाही.

स्वतःपुरतं मात्र तपासता येतं. दोन आठवडे ॲप फोनवरून काढा (खातं राहू द्या). त्या काळात आरशात बघणं, फोटो टाळणं, जेवण कमी करणं यात फरक पडला तर ॲपचा हात होता. काहीच फरक पडला नाही, झोप आणि भूक बिघडलेलीच राहिली, तर मूळ दुसरीकडे आहे. तेव्हा 14416 या टेलि-मानस क्रमांकावर बोला. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

12. आधी भरपूर मॅच होत्या, आता एकदम बंद. ॲपने मला खाली ढकललं का?

टिंडर पूर्वी लोकांना गुण देत असे. 2019 मध्ये कंपनीने सांगितलं की तो प्रकार आता जुना झाला आहे आणि सध्या जे ॲप वापरत असतात त्यांना आधी दाखवलं जातं. पण आपल्याकडे याहून साधं कारण असतं. तीस किलोमीटरच्या आत ॲप वापरणारे मोजकेच. त्या सगळ्यांनी तुम्हाला पहिल्या काही आठवड्यांत बघून घेतलेलं असतं, नंतर नवीन माणसं हळूहळूच येतात. सुरुवातीचा पूर जितका फसवा होता, तितकाच आत्ताचा दुष्काळही.

13. घरच्यांनी बघू नये म्हणून चेहरा न दाखवता चालेल का?

सांगलीत कुणाचा तरी मावसभाऊ प्रत्येक ॲपवर असतो, त्यामुळे ही भीती खरी आहे. पण फूल, सूर्यास्त, पाठमोरी आकृती ठेवली तर प्रोफाईल बनावट समजून सोडून दिलं जातं. आधी दुसरे उपाय करा. टिंडरमध्ये फोनमधले क्रमांक निवडून अडवण्याची सोय आहे. ते लोक त्याच क्रमांकाने ॲपवर असतील तर तुम्ही एकमेकांना दिसत नाही. दुसऱ्याच क्रमांकाने खातं काढलेल्या भावाला मात्र ती अडवत नाही. पैसे भरून मिळणाऱ्या एका सोयीत तुम्ही ज्यांना लाईक केलं त्यांनाच तुम्ही दिसता. ज्यांना ओळखलं जाणं अजिबात परवडणार नाही, त्यांच्यासाठी ती जास्त भरवशाची.

कॉलेजचा गणवेश, गाडीचा नंबर, सोसायटीची पाटी फोटोत येऊ देऊ नका. इन्स्टाग्रामवरचा फोटोही वापरू नका, तो इंटरनेटवर शोधून तुमचं पूर्ण नाव काढता येतं.

14. अतिशय देखण्या मुलीने लगेच मॅच केलं आणि दहा मिनिटांत व्हिडिओ कॉलचा आग्रह धरला. नशीब की धोका?

धोका धरून चाला. फोटो बघून आपण किती पटकन भुलतो, आणि महिनोन् महिने मॅच न मिळालेला माणूस किती पटकन हो म्हणतो, यावरच ही टोळी जगते. कॉलवर समोरची व्यक्ती कपडे काढते, तुम्हालाही सांगते, ते रेकॉर्ड होतं आणि पुढच्या पाच मिनिटांत तुमच्या नातेवाइकांची यादी दाखवून पैसे मागितले जातात.

असं घडलंच तर एक रुपयाही देऊ नका, कारण दिल्यावर मागणी वाढते. संभाषण पुसू नका. त्याचे, क्रमांकाचे आणि खात्याचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा, नाहीतर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी सांगा. नातेवाइकांना कळेल या भीतीवरच पुढची मागणी उभी असते.